फेरी थांबण्याआधीच निकाल ठरलेला असतो

«ऑनलाइन स्लॉट खेळात सलग वीस फेऱ्या हरलो आणि दोनदा चिन्ह एका घराने चुकले, म्हणजे जॅकपॉट जवळ आला ना?»

नाही. बटण दाबताच सर्व्हरवरचा यादृच्छिक संख्यानिर्माता प्रत्येक चक्रासाठी एक संख्या देतो आणि निकाल तिथेच ठरतो. पडद्यावरचे फिरणे हे त्यानंतरचे निव्वळ चित्रण असते. पुण्यात संगणकशास्त्र शिकवताना मी हे असे मांडतो : तीन चक्रे, प्रत्येकाला ६४ आभासी थांबे, म्हणजे पडद्यावर न दिसणाऱ्या, फक्त गणितातल्या थांबण्याच्या जागा, आणि जॅकपॉटचे चिन्ह त्यांतल्या एकाच थांब्यावर, तर शक्यता ६४ × ६४ × ६४, म्हणजे २,६२,१४४ मध्ये एक. मागच्या वीस फेऱ्यांची नोंद या गणितात कुठेच येत नाही, त्यामुळे एकविसाव्या फेरीलाही शक्यता तेवढीच राहते.

‘थोडक्यात चुकले’ याचे कारण मला अधिक गंभीर वाटते. दिसणाऱ्या चक्रावर चिन्हाच्या शेजारची रिकामी घरे अनेक आभासी थांब्यांना जोडता येतात, म्हणून ती वारंवार समोर येतात. इंगे टेल्नेस यांचे आभासी चक्रांचे अमेरिकी पेटंट १९८४ चे आहे. पुढच्या फेरीचा अंदाज बांधायचा तर संख्यानिर्मात्याची अंतर्गत स्थिती कळायला हवी, आणि नीट रचलेल्या संख्यानिर्मात्यात ती पडद्यावरच्या चिन्हांवरून काढता येत नाही.