मदत हवी आहे: ‘बरें झालें देवा निघालें दिवाळें’ दुकानदाराच्या नजरेने कसा वाचावा?

तुकोबांचा हा अभंग वाचनगटात घ्यायचा आहे. तो बहुधा वैराग्याचा म्हणूनच सांगतात. मला त्यातला तोटा उलगडायचा आहे.

‘बरें’ हा शब्द खोडून उरलेले वाचले तर यादीच हाती येते: दिवाळे, दुष्काळ, लोकांतली दुर्दशा, अपमान, गेलेले धन, गेलेली ढोरेगुरे. शेवटी एकादशीचा उपवास आणि जागरण.

आता क्रम. तुकोबांच्याच ‘याति शूद्र वैश्य केला वेवसाव’ या अभंगात दुष्काळाने आधी द्रव्य आटते, मग मान जातो, पत्नी ‘अन्न अन्न’ करत मरते आणि मग व्यवसायातली ‘तुटी’ येते. इथे मात्र दिवाळे पहिले, दुष्काळ नंतर. १६३०च्या सुमाराच्या त्या दुष्काळात पीक बुडाले की कुळाकडची उधारी बुडते, गिऱ्हाईक आटते आणि देहूच्या वाण्याची पत जाते. मला आधी दुष्काळ आणि मग दिवाळे हाच क्रम पटतो.

दोन शंका आहेत. हा उलटा क्रम अर्थपूर्ण मानावा, की ‘दिवाळें–दुष्काळें’ या यमकाची सोय? आणि शेवटच्या उपवासात उपासमार वाचणे म्हणजे ओढाताण होईल का? जाणकारांनी ओळीचा आधार देऊन सांगावे.