'गरजा', 'मागण्या' की 'अडचणी'? आणि 'ठरले' लिहावं का?

सायली_स
सहकारी दूध संघांना बिलाचं सॉफ्टवेअर विकणं हे माझं काम. मंगळवारी, ११ तारखेला, एका संघाच्या सहायक व्यवस्थापकांशी डिस्कव्हरी कॉल झाला, म्हणजे त्यांना काय हवंय ते समजून घ्यायचा पहिला कॉल. ते म्हणाले, "मेल मराठीत पाठवा मॅडम, कार्यकारी संचालकांना आणि दोन संचालकांना पुढे पाठवायचा आहे." इंग्रजीत हा रिकॅप, म्हणजे कॉलवर काय बोलणं झालं त्याचा मेल, मी रोज लिहिते. मराठीत पहिल्याच ओळीला अडले. 'आपल्या मागण्या' म्हटलं तर मोर्चा वाटतो. 'आपल्या गरजा' म्हणजे आपण त्यांना गरजू ठरवतोय असं आमचे वरिष्ठ म्हणतात. 'आवश्यकता' सरकारी परिपत्रकातला वाटतो. तुम्ही काय लिहिता?

कोशप्रेमी
'गरज' हा शब्दच परका आहे. 'आवश्यकता' शुद्ध आणि प्रतिष्ठित. आणि 'रिकॅप' कशाला? सारांश लिहा.

दूधवाला_सांगली
आमच्या भागात 'गरज' शेणामातीइतका आपला आहे. परका म्हणून काढायचा तर 'दर', 'हिशेब', 'फरक' सगळंच काढा, मग दुधाचं बिल कसं करणार ते सांगा.

लेखापाल_निवृत्त
मी एका संघात लेखा विभागात होतो. 'मागणी' अजिबात नको. संस्थेत मागणी म्हणजे मागणीपत्रक. विभागाने माल मागितला की त्यावर सह्या होतात, मग खरेदी. विक्रेत्याच्या मेलमध्ये 'आपली मागणी' वाचलं की संचालक पहिला प्रश्न विचारणार, "ही मागणी कुणी केली, कोणाच्या अधिकारात?" बिचाऱ्या सहायक व्यवस्थापकाला उत्तर देता येणार नाही, आणि तो मेल पुढे पाठवणारच नाही. तेच 'ठरले'चं. ठरवतं ते मंडळ, ठरावाने. फोनवर दोघांत जे झालं ते 'बोलणे झाले'. 'मंजूर' आणि 'मान्य' हे तर लांबच ठेवा.

सोसायटी_सचिव
आमच्या सोसायटीत इतिवृत्त मीच लिहितो. पुढच्या सभेचा पहिला विषयच असतो, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. तुम्हीही तळाशी लिहा, 'दोन दिवसांत हरकत न आल्यास वरील मजकूर कायम समजण्यात येईल.' आमच्याकडे पार्किंगच्या वादात याच ओळीने मला वाचवलं होतं.

लेखापाल_निवृत्त
सचिवसाहेब, 'कायम करणे' हा शब्द तुम्ही अगदी बरोबर काढलात, पण तो सभेतला आहे. तिथे सभासद हजर असतात आणि हरकत घ्यायचा हक्क असतो. पहिल्याच कॉलनंतर विकणाऱ्याने 'कायम समजू' लिहिलं तर ती नोटीस झाली.

सायली_स
आणि उत्तर आलंच नाही तर मला कळत काहीच नाही. माझं ऐकण्यात चुकलं की त्यांनी मेल उघडलाच नाही, दोन्ही सारखंच दिसतं.

विक्री_वीस_वर्षे
सायलीताई, शब्दाआधी एक बघा. हा मेल दोन वाचकांसाठी आहे. एक जो कॉलवर होता, आणि दुसरा जो नव्हता. म्हणून मी वरच्या दोन ओळी फक्त सहायक व्यवस्थापकांसाठी लिहितो, आणि खालचा भाग असा की तो उचलून जसाच्या तसा पुढे जावा. खालच्या भागात 'आपण म्हणालात' नको, 'मी' नको, आपल्या सॉफ्टवेअरची स्तुती नको. पुढे पाठवणाऱ्याला एकही ओळ खोडावी लागली तर तो 'नंतर बघू' म्हणतो, आणि मग सगळं तोंडीच सांगतो. तोंडी सांगताना बिलाला किती दिवस लागतात ते कुठेतरी गळून जातं आणि उरतं एवढंच की एक सॉफ्टवेअरवाली बाई फोन करत होती.
आणि कॉल झाला त्याच दिवशी पाठवा. दुसऱ्या दिवशी पाठवलेल्या मेलमध्ये आपले शब्द शिरलेले असतात, त्यांचे राहत नाहीत.

सायली_स
कच्चा मसुदा टाकते, बघा:

> साहेब, आजच्या बोलण्याचे टिपण खाली आहे. माझ्या ऐकण्यात काही चुकले असल्यास दुरुस्त करावे, मग पुढे पाठवावे.
>
> दूध बिल: ११ तारखेच्या चर्चेचा गोषवारा
> सध्या ४२ संकलन केंद्रांच्या नोंदी कागदावर येतात. दहा दिवसांचे बिल काढण्यास चार दिवस जातात. फॅट व एसएनएफच्या नोंदीत तफावत आली की केंद्रावर फोन करून पडताळावे लागते.
> संघाला हवे आहे: बिल एका दिवसात निघावे, तफावत त्याच दिवशी कळावी, सध्याचे काटे व मशिन बदलावे लागू नयेत.
> अजून स्पष्ट नाही: दरपत्रक मधेच बदलल्यास फरक मागील तारखेपासून काढावा लागतो का?
> पुढील कामे: संघाकडून एका केंद्राची दहा दिवसांची नोंद, शुक्रवार १४ पर्यंत. आमच्याकडून त्यावरून केलेले नमुना बिल, बुधवार १९ पर्यंत. त्यानंतर लेखा विभागासह अर्धा तास. तारीख लेखा विभागाला विचारून.

विक्री_वीस_वर्षे
बघा, 'गरजा' आलाच नाही. 'संघाला हवे आहे' ने काम झालं. 'अजून स्पष्ट नाही' ही ओळ मात्र काढू नका. 'सगळं बरोबर आहे का' विचारलं की 'हो' येतं किंवा काहीच येत नाही. दरपत्रकाचा प्रश्न त्यांना लेखा विभागाला विचारावाच लागेल. उत्तरात लेखा विभागातलं कुणी आलं, किंवा कुणी '४२ नाही, ३९, तीन केंद्रं बंद आहेत' असं दुरुस्त करून पाठवलं, तर मेल पोचला आणि वाचला गेला असं समजा. नुसतं 'धन्यवाद' आलं तर शुक्रवारी फोन करा.

नवा_एक्झिक्युटिव्ह
यात किंमत का नाही? पुढे पाठवायचाच आहे तर एकदाच सगळं जाऊ दे की.

लेखापाल_निवृत्त
आकडा लिहिला की ते कोटेशन झालं. मग त्याच्या शेजारी आणखी दोन कोटेशनं मागवली जातात, आणि अजून कामच नीट ठरलेलं नसताना तुलना फक्त आकड्याची होते.

विक्री_वीस_वर्षे
इथे मी थोडा वेगळा. त्यांनी कॉलवर किंमत विचारली असेल आणि मेलमध्ये तिचा उल्लेखच नसेल, तर लपवल्यासारखं वाटतं. 'दर नमुना बिलानंतर देऊ' एवढी ओळ असावी.

लेखापाल_निवृत्त
तीही नको. संचालक तेवढीच ओळ वाचतात.

कोशप्रेमी
मूळ मुद्दा राहिला. 'गोषवारा' फारसी आहे. फारसीत त्याचा अर्थ कानातलं. 'सारांश' काय वाईट?

दूधवाला_सांगली
सारांश धड्याचा. गोषवारा हिशेबाचा. आमच्या संघाच्या अहवालात पानोपानी गोषवारा असतो, आणि संचालक पहिला तोच उघडतात.

कोशप्रेमी
सवय लागली म्हणून शब्द योग्य ठरत नाही. 'टिपण' चालेल, तो तरी आपला आहे. आणि 'पडताळावे' लिहिलंत हे बरं केलंत, 'खातरजमा' नाही.

लेखापाल_निवृत्त
खातरजमा आणि पडताळणी एक नव्हेत. पडताळणी आकड्यांची. खातरजमा मनाची, मुळात मन निश्चिंत करणं असाच अर्थ आहे त्याचा. वरच्या दोन ओळींत सायलीताईंना हवी आहे ती खातरजमा.

सोसायटी_सचिव
पण लेखी 'कायम' नसेल तर उद्या कुणीही म्हणेल, मी असं बोललोच नव्हतो.

सायली_स
म्हणू दे, पहिल्या कॉलला तो हक्क त्यांचा आहे. मी 'गोषवारा' ठेवते आणि दराची ओळ तूर्त घालत नाही. त्यांनी कॉलवर विचारला नव्हता. 'पुढील कामे' आणि 'पुढील कार्यवाही' यांत कुणाचं काही मत?

दूधवाला_सांगली
कामे. कार्यवाही म्हटलं की नोटीस आल्यासारखं वाटतं.

कोशप्रेमी
ती 'कारवाई'. 'कार्यवाही' वेगळी. हा घोळ सगळीकडेच झालाय, त्यावर वेगळा धागा काढतो.