मदत हवी आहे: चष्मा, कानाचं मशीन आणि मास्क एकत्र कसे वापरायचे?

आईला (वय 72) कानामागे बसणारं मशीन आहे. तिच्या चष्म्याची प्लास्टिकची काडी रुंद आहे, त्यामुळे मशीन बाहेर ढकललं जातं आणि काडी घासली की खरखर ऐकू येते. त्यात दवाखान्यात मास्क. परवा मास्क काढताना इलॅस्टिकसोबत मशीनही निघून आलं. नशीब, पदरात पडलं!

आता मास्क डोक्यामागे बांधायच्या नाड्यांचा घेतलाय. चष्म्यासाठी बारीक धातूच्या, सरळ काड्यांची फ्रेम बघतेय. पण तिचा नंबर जास्त आहे, काचा जड. बारीक काडीने चष्मा नाकावर घसरेल का? काडीचं टोक कमी वाकवून घेतलं तर मशीनला जागा मिळते का? कुणी वापरलंय?