मदत हवी आहे : टॅगची सगळी जागा भरली, तरी व्हिडिओ कोणी पाहत नाही

मृण्मयी_परळ
नमस्कार. माझे वडील परळला शिलाई मशीन दुरुस्त करतात आणि त्यांच्या कामाचे व्हिडिओ मी यूट्यूबवर टाकते. टॅगसाठी असलेली 500 अक्षरांची जागा मी प्रत्येक वेळी पूर्ण भरते, तरीही सुरुवातीला मिळणारे प्रेक्षक आता मिळेनासे झाले आहेत. कृपया चालणारे आणखी टॅग लवकर सुचवावेत, कारण पुढचा व्हिडिओ रविवारी टाकायचा आहे.

रुपारेल_९८
आपण कोणते टॅग देता, तेच लिहिलेले नाही. एखाद्या व्हिडिओचे शीर्षक, वर्णन आणि टॅग जसेच्या तसे इथे द्या, म्हणजे काही सांगता येईल.

काकू_गिरगाव
माझा अनुभव असा आहे, की व्हिडिओ टाकल्यावर किमान वीस नातेवाइकांना टॅग करावे. माझ्या उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ तसाच सगळीकडे पोहोचला.

मृण्मयी_परळ
काकू, माणसांना टॅग करण्याविषयी मी विचारत नाही. व्हिडिओ टाकताना जे शब्द भरतो, ते टॅग मला हवे आहेत. शीर्षक असे आहे : ‘शिलाई मशीन दुरुस्ती मराठी मालिका, आजचा भाग : धागा तुटणे’. टॅग पुढीलप्रमाणे आहेत. आणखीही आहेत, पण ते याच प्रकारचे आहेत.

```
शिलाई मशीन, silai machine, silai machine repair,
silai machine repairing, silai machine repair video,
मराठी मालिका, आजचा भाग, mehndi design, ipl live, viral
```

ही यादी दादरला व्हिडिओ संकलन करून देणाऱ्या एका गृहस्थांकडून पैसे देऊन घेतली होती. सगळे शब्द टॅगच्या जागेत मावले नाहीत, म्हणून पूर्ण यादी वर्णनाच्या खालीही चिकटवली आहे.

वेब_विक्रोळी
यात घाबरण्यासारखे काही नाही. गुगलने 2009 सालीच जाहीर केले होते, की संकेतस्थळाच्या कीवर्ड टॅगचा शोधाच्या क्रमवारीसाठी ते उपयोग करत नाहीत. ज्याकडे कोणी पाहतच नाही, त्याने नुकसान कसे होईल? यादी राहू द्या आणि चित्रीकरण सुधारा.

संकलन_माहीम
विक्रोळीकरांनी सांगितलेली 2009 ची गोष्ट खरी आहे, पण ती संकेतस्थळांच्या पानांची आहे आणि इथे लागू पडत नाही. मी काही छोट्या चॅनेलचे व्हिडिओ चढवण्याचे काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टॅगच्या रकान्याचा व्हिडिओ सापडण्यातला वाटा अगदी थोडा असतो आणि तो मुख्यतः लोक जे शब्द चुकीच्या वर्णलेखनाने टाइप करतात त्यांच्यासाठी उपयोगी पडतो, असे यूट्यूबच्या मदत-पानावरच लिहिलेले आहे. त्यामुळे ‘silai machine’ चार प्रकारे लिहून काहीही वाढत नाही. वर्णनात चिकटवलेली यादी मात्र वेगळी आणि गंभीर बाब आहे. वर्णनात टॅगचा असा ढीग लावणे स्पॅमविषयक नियमांत स्पष्टपणे मना आहे आणि त्यावरून व्हिडिओ काढला जाऊ शकतो. ती यादी आजच काढा.

दोन गोष्टी विचारतो. ही यादी आपण स्टुडिओच्या सेटिंग्जमधील Upload defaults मध्ये साठवली आहे का? तसे असेल, तर ती प्रत्येक नव्या व्हिडिओला आपोआप लागत असणार. दुसरे म्हणजे, Analytics मध्ये YouTube search या स्रोतावर गेल्यास लोक कोणते शब्द शोधून आले आणि सरासरी किती वेळ थांबले, ते दिसते. ते आकडे इथे द्या.

मृण्मयी_परळ
होय, यादी तिथेच साठवली होती, म्हणजे ती तेवीसही व्हिडिओंना लागली आहे. धागा तुटण्याचा व्हिडिओ सात मिनिटांचा आहे. गेल्या 90 दिवसांत शोधातून 312 वेळा पाहिला गेला. त्यांपैकी 204 वेळा लोक मालिकेचा आजचा भाग शोधत आले होते आणि सरासरी 9 सेकंद थांबले. ‘shilai machine dhaga tutto’ असे शोधणारे फक्त 31 होते, पण त्यांची सरासरी 4 मिनिटे 10 सेकंद आहे. मी ‘मालिका’ हा शब्द कोणाला फसवण्यासाठी लिहिला नव्हता. आमचे व्हिडिओ क्रमाने येतात, म्हणून लिहिला होता.

संकलन_माहीम
आपला हेतू चांगला होता यात शंका नाही, परंतु संध्याकाळी हुकलेला भाग शोधणाऱ्या माणसासमोर शिलाई मशीन आले, तर तो परत जाणारच. व्हिडिओ दाखवल्यावर लोक तो उघडतात का आणि किती वेळ थांबतात, याची नोंद होत असते. मोठ्या चॅनेलवर अशी चुकून आलेली माणसे गर्दीत हरवून जातात. आपल्याकडे शोधातून आलेल्या दर तीन जणांपैकी दोन जण चुकीच्या दारात आलेले आहेत. यात शीर्षकाचा वाटा सर्वांत मोठा असावा. वर्णनाचा किती आणि टॅगचा किती, हे या आकड्यांवरून वेगळे काढता येणार नाही.

वेब_विक्रोळी
हे मला पूर्ण पटत नाही. प्रत्येक शोधाचा हिशेब स्वतंत्र असेल, तर मालिका शोधणाऱ्यांच्या 9 सेकंदांमुळे धागा शोधणाऱ्यांपुढील स्थान का घसरावे?

संकलन_माहीम
ही शंका रास्त आहे आणि बाहेरून पाहून तिचे ठाम उत्तर मी देऊ शकत नाही. ज्या जागी ‘धागा का तुटतो’ लिहायला हवे होते ती जागा ‘मराठी मालिका, आजचा भाग’ या शब्दांनी अडवली, एवढे नुकसान तर उघड आहे. मोबाइलवर लांब शीर्षकाचा शेवट कापला जातो, आणि आपला खरा विषय नेमका शेवटी आहे.

शिवणवर्ग_लालबाग
मी शिवणवर्ग घेते. विद्यार्थिनी ‘मशीन धागा तोडते’ किंवा ‘मशीन टाके सोडते’ असे म्हणतात. ‘दुरुस्ती’ हा शब्द त्यांच्या तोंडी कधी येत नाही. तुमच्या वडिलांकडे येणारी गिऱ्हाइके दारात उभी राहून जे बोलतात, तेच शब्द घ्या.

मृण्मयी_परळ
बाबांना विचारले. व्हिडिओत त्यांनी वरचा धागा तुटण्याची दोन कारणे दाखवली आहेत : सुई उलटी बसवणे आणि धाग्याचा ताण फार घट्ट असणे. नवे शीर्षक असे लिहिले आहे : ‘मशीनचा वरचा धागा सारखा तुटतो? सुई आणि ताण असा तपासा’. वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत हीच कारणे साध्या वाक्यांत लिहिली. टॅग आता एवढेच आहेत.

```
शिलाई मशीन धागा तुटणे, शिलाई मशिन, shilai machine,
silai machine, dhaga tutto, मशीन टाके सोडते
```

संकलन_माहीम
‘शिलाई मशिन’ हे ऱ्हस्व लेखन आणि रोमन लिपीतले प्रकार योग्य आहेत, कारण लोक खरोखर तसे टाइप करतात. शेवटच्या टॅगविषयी मात्र शंका आहे. टाके सुटण्याविषयी व्हिडिओत काही आहे का? नसेल, तर तोही ‘आजचा भाग’ याच जातीचा टॅग ठरेल, मग तो शिवणकामाचा का असेना.

शिवणवर्ग_लालबाग
सुई उलटी बसली तर टाकेही सुटतात. कारण एकच आहे, त्यामुळे टॅग खोटा नाही.

संकलन_माहीम
कारण एक असेल, पण टाके सुटतात म्हणून आलेल्या बाईंना व्हिडिओत त्याचा उल्लेखही सापडला नाही, तर त्यांनी का थांबावे?

मृण्मयी_परळ
पुन्हा पाहिले. 5 मिनिटे 40 सेकंदांवर बाबा सुई फिरवून दाखवतात आणि ‘अशी बसवलीत तर टाकेही सोडेल’ असे म्हणतात. तो टॅग ठेवते आणि वर्णनात त्या वेळेची नोंद करते. यादी Upload defaults मधून काढली आहे. उरलेल्या बावीस व्हिडिओंची वर्णने आज रात्री एकेक करून साफ करेन.

संकलन_माहीम
टॅग एकेक करून काढण्याची गरज नाही. Content मध्ये सगळे व्हिडिओ एकत्र निवडून ते बदलता येतात. वर्णने मात्र सरसकट बदलू नका, नाहीतर चांगला मजकूरही पुसला जाईल. आणि नव्या शीर्षकाचे आकडे चार दिवसांत तपासू नका. निदान महिनाभर थांबून पुन्हा तोच YouTube search चा तक्ता इथे द्या.

रुपारेल_९८
त्या तक्त्याची मीही वाट पाहतो. एक प्रश्न उरतो : आपल्यासारखेच काम करणाऱ्या दुसऱ्या चॅनेलचे नाव टॅगमध्ये लिहिणे योग्य आहे का? अनेक जण ते सर्रास करतात.

शिवणवर्ग_लालबाग
माझ्या मते अजिबात नाही. त्या नावाने शोधणाऱ्याला ती व्यक्ती हवी असते, आपण नव्हे.