मदत हवी आहे: पोटातल्या बाळाचं डोकं किती उतरलंय, हे बोटांनी कसं मोजायचं?

पुण्यात जीएनएमला आहे, एएनसी ओपीडीत पोस्टिंग. पहिलटकरीण, ३८ आठवडे. लघवी करून यायला सांगितलं, गुडघे दुमडवले, हात चोळून गरम केले. फंडसला मऊ, रुंद ढुंगण. डावीकडे सलग पाठ. खाली कडक, गोल डोकं. म्हणजे लाय उभी, प्रेझेंटेशन डोक्याचं. इथवर सिस्टरांचं नि माझं जुळलं.

डोकं हलेना म्हणून मी एंगेज्ड लिहिलं. सिस्टर म्हणाल्या, "अगं, नुसतं फिक्स आहे. पाचातले तीन भाग अजून वर आहेत." दोन किंवा कमी उरले तरच एंगेज्ड, हे पाठ आहे. पायांकडे तोंड करून पेल्विक ग्रिपही केली, पण माझी बोटं ना जवळ येत होती ना फाकत होती.

प्यूबिक हाडाच्या वरच्या कडेपासून बोटं आडवी ठेवून मोजताना डोक्याची वरची हद्द, मानेचा खोलगटपणा, नेमकी कशी ओळखता?