‘ट्रान्सपायलोरिक प्लेन’ला मराठीत काय म्हणावं?

रानवाट: नर्सिंगच्या मुलींसाठी टिपणं मराठीत करतेय. पोटावरच्या आकृतीत हा शब्द अडला. ‘जठररेषा’ लिहिलं तर चालेल?

बोरूबहाद्दर: चालेल की. जठराच्या मधून जाणारी आडवी रेघ, एवढाच अर्थ आहे.

निवृत्त_मास्तर: अर्धंच बरोबर. जठराचा मध्य नाही, त्याचं खालचं तोंड, जिथून अन्न लहान आतड्यात उतरतं. ‘पायलोरस’ म्हणजे ग्रीकमध्ये द्वारपाल. आणि ही रेघही नव्हे, प्रतल. पोटापासून पाठीपर्यंत शरीर आडवं कापलंय असं समजा. कातडीवर दिसते ती फक्त त्या कापाची कड. मागे हाच काप कमरेच्या पहिल्या मणक्यातून जातो, म्हणून ‘रेषा’ लिहिलंत तर मुली पाठ विसरतील.

चहाबाज: पायलोरी म्हणजे तो अल्सरचा जंतू ना? मला गोळ्यांचा कोर्स झालाय त्याचा.

निवृत्त_मास्तर: त्याला नाव याच दारावरून मिळालंय. पण इथे विषय मोजण्याचा आहे. माणसाला उताणं झोपवा. गळ्याखालच्या खळगीपासून जघनास्थीच्या वरच्या काठापर्यंत टेप लावा. समजा 48 सेंटिमीटर भरलं, तर 24 वर खूण करा. ताळा असा: खूण नवव्या बरगडीच्या कूर्चेच्या टोकाच्या पातळीत यायला हवी. उजवीकडे पोटाच्या उभ्या स्नायूची बाहेरची कड जिथे बरगड्यांना भिडते, तिथेच हे टोक सापडतं आणि त्याच्यामागे पित्ताशयाचा तळ असतो. खूण बेंबीवर आली तर टेप चुकीच्या जागी लागलाय. बेंबी बरीच खाली असते, शिवाय सुटलेल्या पोटात ती आणखी घसरते.

सासुरवाशीण: आमच्या सासूबाई नुसतं ‘कुशीत दुखतंय’ म्हणायच्या. डॉक्टरांनी उजव्या बरगडीखाली बोटं दाबून श्वास घ्यायला लावला, तर श्वास मधेच अडकला. पित्ताशयाला सूज निघाली. ती हीच जागा का?

निवृत्त_मास्तर: हीच. फक्त ‘कूस’ टिपणांत नको, बरगडीपासून कमरेपर्यंत सगळंच त्यात येतं.

बोरूबहाद्दर: मग अॅडिसन प्लेन म्हणावं. अॅडिसनच्या आजाराचाच तो अॅडिसन ना?

निवृत्त_मास्तर: नाही. आजारवाला थॉमस. हा ख्रिस्तोफर, शरीररचनेचा प्राध्यापक, 1919 मध्ये ब्रिटनचा पहिला आरोग्यमंत्री झाला. आणि एक खोच: उभं राहिलं की ते दार खाली सरकतं. म्हणजे नाव ज्यावरून पडलं, तेच त्या पातळीवर टिकत नाही.

रानवाट: मग ‘जठरद्वार-प्रतल’ लिहिते. पण पोटाच्या नऊ भागांची वरची रेघ एका पुस्तकात हीच आहे, दुसऱ्यात बरगड्यांच्या खालच्या कडेवरून काढलीय. कुठली घेऊ?

निवृत्त_मास्तर: दोन्ही चालतात. तुमच्या परीक्षकाचं पुस्तक बघा.

बोरूबहाद्दर: मला अजूनही ‘मध्यप्रतल’ आवडतं. मोजताना मध्यच तर काढतो.

रानवाट: ते नको, शरीराचे डावे-उजवे भाग पाडणाऱ्या उभ्या प्रतलाला तो शब्द आधीच दिलाय.