नाणं ठेवून काढलेले मासे नि साप : तुमचे अनुभव सांगा

कृष्णाकाठची
आज घरच्या ग्रुपवर चुलतभावानं कटल्याचा फोटो टाकला. हरिपूरच्या संगमावर गळाला लागलेला, शेजारी रुपयाचं नाणं, खाली "दोन फूट!!". लगेच आमचे तात्या आठवले. तात्या मासा मोजायचे वितीनं, आणि मासा जितका लांबच्या पाहुण्याला सांगायचा तितकी त्यांची वीत लहान होत जायची. तेव्हा फोटो नव्हते, त्यामुळे वादही नव्हते. आता नाणं असूनही वाद आहेच. काकू म्हणते दीड फूट, भाऊ दोन फुटांखाली यायला तयार नाही. तुमच्याकडे असं काही झालंय का? सापाचंही चालेल.

मिरजमळा
हातात धरून कॅमेऱ्यापुढं लांब केलेला मासा नाही ना? तसला असेल तर बाजूला परात ठेवली तरी उपयोग नाही 😂

कृष्णाकाठची
नाही हो, पोत्यावर आडवा झोपवलाय. वरून काढलाय फोटो.

गळवाला_दादा
लॅपटॉपवर उघडा. पट्टीनं नाणं मोजा, मग मासा मोजा, भागाकार करा. किती नाणी बसतात?

कृष्णाकाठची
नाणं 9 मिमी, मासा 198. म्हणजे बरोब्बर 22 नाणी. आता पुढं?

वाईकर_अण्णा
सोपंय, रुपया 25 मिमीचा. 22 गुणिले 25 म्हणजे 55 सेंटिमीटर. पावणेदोन फुटांच्या वर गेला की, भावाचं फार चुकलं नाही.

गळवाला_दादा
अण्णा, थांबा. कुठला रुपया? 25 चा जुना स्टीलचा, आणि तो अंगठा दाखवणारा पण 25 चाच. 2011 पासूनचा, ₹ हे चिन्ह असलेला, जवळपास 22 मिमी. आणि 2019 च्या मालिकेतला, धान्याची नक्षी असलेला, 20 चा. एकाच 22 नाण्यांचे 55 पण होतात नि 44 पण. माशाचा पाचवा हिस्सा तिथंच गायब! ताई, नाण्यावर काय दिसतंय?

कृष्णाकाठची
झूम केलं. ₹ आहे, बाजूला फुलाची नक्षी. साल वाचता येत नाही.

गळवाला_दादा
मग 22 चा. 22 गुणिले 22 म्हणजे 484 मिमी, साडेअठ्ठेचाळीस सेंटिमीटर धरा. पण तेही जास्तच निघालंय. नाणं पोत्याला चिकटून, आणि कटला आडवा झोपवला तरी जाड असतो, त्याच्या अंगाची मधली रेघ चार-एक सेंटिमीटर वर येते. मोबाईल अडीच फुटांवर म्हणजे 75 सेंमीवर धरला असेल तर माशापासून तो 71 वरच आहे. जवळचं मोठं दिसतं. 75 भागिले 71, साडेपाच टक्के फुगवटा. 48.4 चे झाले 46. शेपूट मात्र पोत्याला टेकलेलं असतं, त्यामुळं पूर्ण साडेपाच टक्के कापू नका. मी 46 ते 48 म्हणेन. काकूंचा दीड फूट म्हणजे पावणेसेहेचाळीस, काकू जिंकल्या.

कृष्णाकाठची
काकूला दाखवलं. ती म्हणाली "मला माहीत होतं, कढईत बसला की नाही".

साताऱ्याची_सून
माझ्याकडे अंगठेवाला रुपया आहे जपून ठेवलेला. किती किंमत येईल कुणी सांगेल का?

मिरजमळा
एक रुपया.

वाईकर_अण्णा
दादा, फुगवटा घालवायला मोबाईलवर झूम करायचं ना? मी तसंच करतो.

गळवाला_दादा
तिथंच उभं राहून झूम केलं तर नाणं नि मासा दोन्ही सारखेच मोठे होतात, फुगवटा तसाच राहतो. दोन पावलं मागं जा आणि मग झूम करा. दीड मीटरवरून तोच चार सेंटिमीटरचा फरक पावणेतीन टक्क्यांवर येतो. नाहीतर नाणं उपड्या वाटीवर ठेवा, माशाच्या अर्ध्या जाडीइतकं वर. आणि रुपया ठेवण्यापेक्षा दहाचं नाणं ठेवा, ते नवं-जुनं कसंही असलं तरी 27 मिमीच.

मोटारवाली_माधवी
आमच्याकडे कऱ्हाडला शेडमध्ये साप निघाला होता. दीर जिन्यावर उभे, वरून दहाचं नाणं टाकलं शेजारी नि फोटो काढला. गल्लीभर "पाच फुटी मण्यार" झाली! मी रात्री फोनच्या स्क्रीनवर दोरा ठेवला, सापाच्या पाठीवरून वळत वळत, मग तो दोरा नाण्याशी मोजला. चोवीस नाणी. म्हणजे पासष्ट सेंटिमीटर, दोन फुटांहून जरासा जास्त. सर्पमित्र आले तर कवड्या निघाला. सासूबाई अजून पाच फूटच सांगतात.

गळवाला_दादा
दोरा पाठीच्या मध्यावरूनच फिरवायचा, हे बरोबर केलंत. वळणाच्या बाहेरच्या कडेनं गेलात तर वाढतो, आतल्या कडेनं गेलात तर घटतो. पण ताई, एक विचारतो, साप स्वतःवर कुठं चढला होता का?

मोटारवाली_माधवी
हो, मधे एक वेटोळं होतं. खालचा भाग दिसतच नव्हता.

गळवाला_दादा
मग 65 ही कमीत कमी. झाकलेलं किती ते फोटोवरून नक्की सांगता येत नाही. सासूबाईंचे पाच फूट मात्र नाहीतच.

शिराळा_बत्तीस
जिवंत सापाजवळ नाणं टाकायचं काय काम? तो बिथरतो. आमच्या शिराळ्याला नागपंचमीवरून कोर्टापर्यंत गेलं, जिवंत नाग पकडण्यावर बंदी आली, तरी लोकांची खुमखुमी जात नाही. फरशी आहे ना! साप गेल्यावर फरशीची एक बाजू टेपनं मोजा. आणि लांबीवरून विषारी-बिनविषारी तर मुळीच ठरवू नका, घोणशीचं वीतभर पिल्लूही विषारीच असतं.

मोटारवाली_माधवी
दिरांना वाचून दाखवते. चिडतील.

वाईकर_अण्णा
फरशीचं पटलं. पण जिन्यावरून तिरका काढलेला फोटो असेल तर? नाणं लंबगोल दिसतं, मग कुठली बाजू धरायची?

गळवाला_दादा
लांबडी बाजू धरा, ती तिरकेपणानं दबत नाही. पण ती फक्त आडव्या पडलेल्या भागाला लागू. तुमच्याकडून लांब जाणारा भाग दबतो, आणि साप तर दोन्हीकडे वळतो. तिरक्या फोटोत मी अंदाज सांगत नाही, वाद नको.

शिराळा_बत्तीस
मी सांगतो, पण "इतक्या ते इतक्या" असंच. आकड्यात फरक मोठा ठेवतो.

मिरजमळा
आणि शेपटीचं काय? कटल्याचं शेपूट फाटक्या पंख्यासारखं. टोकापर्यंत की खाचेपर्यंत?

गळवाला_दादा
दोन्ही मोजतात. मी शेपटीच्या दोन्ही पाती मिटवून टोकापर्यंत धरतो. कसं मोजलं ते मात्र लिहा, नाहीतर दोन जणांचे मासे जुळत नाहीत. ताईंच्या 198 मध्ये काय होतं?

कृष्णाकाठची
टोकापर्यंत, पण पाती पसरलेली होती. मिटवता कशी येणार, त्याचं कालवण झालंय.

साताऱ्याची_सून
कालवणात चिंच की कोकम घातलं?

कृष्णाकाठची
चिंच. कोकम कोकणात.

मिरजमळा
मी वाम आणतोय रविवारी, ती तर सापासारखीच वळवळते. दोरा लागेल का?

गळवाला_दादा
मेल्यावर सरळ ओढून झोपवा, दोरा कशाला. आणि जेवायला बोलवा.